हरिदासच्या मशीनमधला कपटा

अल्लीपूरच्या बसथांब्याजवळ हरिदासचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गावातल्या अर्ध्या लग्नांचे बायोडाटे त्याच्या छपाईच्या मशीनमधून निघालेले. कोणाची पोरगी किती ठिकाणी दाखवली, कोणाचं वय दरवर्षी एकानं कमी होतं, सारं त्याला ठाऊक. पण तोंडातून ब्र निघायचा नाही. "दुकानातला कागद दुकानातच राह्यते," असं तो इतक्या वेळा सांगे की लोकांना विचारायची आणखीच इच्छा व्हायची. स्वतः मात्र बिनलग्नाचा, रंगाने सावळा गडी. विचारलं की म्हणे, "एवढ्यांचे बायोडाटे वाचले, आता कोणाची हिंमत होते लग्न करायची."

त्या सोमवारी संध्याकाळी या गड्याने गुपचूप आपलाच बायोडाटा छापायला घेतला. कागद अर्ध्यात अडकला, आणि नेमके शाळेतले निवृत्त कारकून नरहरराव पेपर वाचायला दुकानात शिरले. हरिदासने घाबरून कागद पुढूनच हिसकला. टर्रकन आवाज आला. हाती आला तो त्याने घडी करून कोऱ्या कागदांच्या खोक्याखाली सारला, मशीन बंद केलं आणि नरहररावांना चहा पाजला. एरवी पाणीही न विचारणाऱ्याने चहा पाजला, हे नरहररावांनी सांगितलं तिथेच मला संशय यायला हवा होता.

मंगळवारी सकाळी साडेसातला मी आणि नरहरराव दुकानातल्या बाकावर बसलेलो, तेवढ्यात गावातल्या रूपरावची अंकिता धावत आली. हिंगणघाटच्या आयटीआयची पोरगी, कॉम्प्युटर दुरुस्ती शिकते. साडेदहाला परीक्षा, साडेआठची बस, आणि हॉल तिकीट अजून मोबाइलातच. दुसरं दुकान अकराला उघडतं.

हरिदासने बटण दाबलं. आतलं शाईचं डबडं नेहमीप्रमाणे एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे निघालं, मधेच धडकलं, आणि घर्रर्र, कट-कट-कट करत जागीच झटके देऊ लागलं. मग थांबलं. नारिंगी दिवा लुकलुकू लागला.

"मोटार गेली," हरिदास म्हणाला. "हिंगणघाटले न्या लागते."

"मोटार नाई, काकाजी. आत काहीतरी अडलं. झाकण उघडा."

"नाई पोरी. नाजूक मशीन आहे."

"माझं हॉल तिकीट?"

"मॅडमले मोबाइलवर दाखवजो."

"कागदाबिगर आत घेत नाई ना ते," अंकिता म्हणाली.

नरहररावांनी पेपर खाली केला. "हरिदास, काऊन भिऊन राह्यला बे? आत का साप आहे?"

हरिदासने पोरीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि स्वतःच वायर काढली. अंकिताने झाकण उघडलं, मोबाइलचा टॉर्च मारला. डबडं हळूच बोटाने बाजूला सरकवलं. त्याच्या वाटेत कागदाचा तुकडा उभा होता. तिने तो चिमट्याने सावकाश ओढून घेतला. त्यावर छापलेलं: 'वर्ण गोरा, निर्व्यसनी'.

तिने तो टेबलावर ठेवला. वायर लावली, बटण दाबलं. डबडं या वेळी थोडं पुढे गेलं आणि पुन्हा कट-कट.

"अजून आहे आत," ती म्हणाली. "काकाजी, बाकीचा कागद कुठं आहे?"

"कोणता कागद?"

"ज्याचा हा तुकडा आहे तो. जोडून पाह्यल्याबिगर किती राह्यलं ते कसं समजन?"

बारा वर्षांत त्या दुकानातला एक कागद बाहेर आला नव्हता. हरिदासने खोकं उचललं आणि घडी तिच्या हाती ठेवली. तिने ती टेबलावर उलगडली, तुकडा जोडला. मधे अजून बोटभर भोक होतं. 'जन्मतारीख' लिहिल्याच्या पुढचं. वर नाव ठळक अक्षरात होतं. मी चष्मा पुसला.

तिने पुन्हा वायर काढली. तो शेवटचा कपटा उजव्या कोपऱ्यात सापडला, डबडं आराम करतं तिथे. भोकावर ठेवला, किनारी नीट जुळल्या. सन १९८७.

"हरिदास," नरहरराव म्हणाले, "आपल्या गावच्या शाळेत तुझं नाव मीच टाकलं होतं. शहाऐंशी साली."

बटण दाबलं. डबडं सुरळीत इकडून तिकडे गेलं, दिवा हिरवा झाला, हॉल तिकीट बाहेर आलं. अंकिताने ते दप्तरात ठेवलं आणि दारातून वळून म्हणाली, "कागद अडकला तर पुढून हिसकू नका काकाजी. आणि तारीख खरी टाकजा, लोकं जोडून पाह्यतात."

तिने कोणाला सांगितलं नाही. नरहररावांनी नाही. मीही नाही, फक्त चौघांना, तेही शपथ घालून. गावभर केलं हरिदासनेच. मशीन दुरुस्त झालं का, असं जो विचारी त्याला तो स्वतःहून बजावे, "आतला तुकडा माझा नव्हताच." कोणाचा होता हे त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

नवा बायोडाटा छापून झालाय म्हणे. वय खरं टाकलंय. वर्ण मात्र अजून गोराच आहे.