शेवटची गोळी किती वाजता

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं रक्त काढते. सकाळी सात ते अकरा रांग असते, आणि रांगेला गप्पा मारलेल्या आवडत नाहीत. त्यामुळे माझे प्रश्न ठरलेले आहेत. उपाशी आहात का? शुगरची गोळी घेतली का? थायरॉईडची घेतली का? उत्तर मिळालं की फॉर्मवर खूण करायची, दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची. लिथियमवाल्या पेशंटला मी एकच प्रश्न विचारत असे : रात्रीची गोळी किती वाजता घेतली?

लिथियम म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध. त्याची पातळी गोळी घेतल्यानंतर बारा तासांनी बघतात. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. गोळी पोटात गेल्यावर पहिले काही तास रक्तातलं लिथियम चढतं, मग हळूहळू उतरतं आणि बारा तासांनी ठरावीक जागी येऊन बसतं. डॉक्टरांकडचे सगळे आकडे त्या जागेचे असतात. साधारण शून्य पॉइंट सहा ते एक, एवढीच त्याची पट्टी. खाली गेलं तर औषध असून नसल्यासारखं, आणि फार वर गेलं तर तेच विष. एवढ्या अरुंद पट्टीचं औषध आमच्याकडे दुसरं फारसं येत नाही.

त्या गुरुवारी कुरुंदवाडहून सासू-सून आल्या. सून तिशीची, एका शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी तिची झोप उडाली, बोलणं थांबेना, आणि एका सकाळी तिने घरातली सगळी स्टीलची भांडी गल्लीत वाटून टाकली. मग दवाखाना, औषधं, बिनपगारी रजा. लिथियमवर ती सावरली होती. येत्या सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं, पण मुख्याध्यापकांना आधी मानसोपचार डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं, आणि डॉक्टरांना आधी लिथियमचा रिपोर्ट. हे सगळं मला सासूनेच सांगितलं, सुनेची बाही वर करता करता.

"अजून तीन पातेली परत आली न्हाईत बघा," ती म्हणाली.

"आत्ती, पातेल्यांचं रक्त तपासत नाहीत," सून म्हणाली.

मी हसले नाही, मागे अकरा माणसं होती. "रात्रीची गोळी किती वाजता घेतली?"

"नवाच्या ठोक्याला. मी समोर बसून देत्ये. एक दिवस चुकलेली न्हाय."

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. अगदी वेळेवर. फॉर्मवर 'रात्री नऊ' लिहिलं आणि रक्त काढलं.

दुपारी आकडा आला : एक पॉइंट बत्तीस. तीन महिन्यांपूर्वीचा तिचा आकडा पॉइंट आठ होता. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, कुठल्या झाकणाची नळी?"

तो प्रश्न बरोबर होता. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून जे घातलेलं असतं, त्यातच लिथियम असतं. तसल्या नळीत घेतलं तर निरोगी माणसाच्या रक्तातही लिथियम सापडेल. मी नळी आणून त्यांच्यासमोर धरली. लाल झाकण होतं. त्यांनी मशीन तपासून नमुना पुन्हा लावला. एक पॉइंट तीस. मशीन खोटं बोलत नव्हतं.

"पाच वाजता त्यांची अपॉइंटमेंट आहे," मी म्हणाले. "हा आकडा बघून डॉक्टर डोस कमी करतील."

"केलाच पाहिजे, खरा असेल तर."

खरा असेल तर. डोस कमी झाला की आठवडाभर थांबून पुन्हा तपासणी, तोवर सर्टिफिकेट नाही, आणि सोमवार हातातून गेला. त्याहून वाईट म्हणजे, पॉइंट आठवर नीट चाललेल्या बाईचं औषध विनाकारण कमी होणार. ती पुन्हा भांडी वाटायला लागली तर आम्हाला कुणी विचारायला येणार नाही. पण आकडा खरा असला, तर त्याच गोळ्या चालू ठेवणं धोक्याचं. दोन्हीकडून अंदाज चालणार नव्हता.

मी फॉर्मवरचा नंबर लावला. सासूने उचलला. त्या दोघी रंकाळ्यावर बाकावर बसल्या होत्या.

"उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, असं काही?"

"काय न्हाय. आत्ता दोन प्लेट मिसळ झाली की."

"पाणी कमी पितात का? दुसरी कुठली गोळी, दुखण्याची वगैरे?"

"न्हाय बाई. जी हाय ती येवढीच. रात्री दोन आन् सकाळी एक."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "सकाळची कुठली?"

"हीच की. आधी तिन्ही रात्रीच घ्यायची. हात लई थरथरायचं म्हणून डॉक्टरांनी वाटून दिल्या. तीन आठवडं झालं."

"आज सकाळची घेतली?"

"दिलीय की! सहाच्या यष्टीला निघायच्या आधी, चहाबरोबर. तपासायला जायचं आन् गोळी चुकवायची व्हय? डॉक्टर म्हणतील घरात कुणाचं लक्ष न्हाय."

म्हणजे साडेपाचच्या पुढे गोळी, नऊ दहाला रक्त. साडेतीन तास. लिथियम वर चढलेलं असताना आम्ही मोजलं होतं. रात्रीचं विचारल्यावर सासूबाईंनी रात्रीचंच सांगितलं, आणि तेही मिनिटाला धरून. सकाळचं मी विचारलंच नव्हतं. माझ्या डोक्यात लिथियम म्हणजे रात्रीची गोळी हे इतकं पक्कं होतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा 'दिवसातून दोनदा' मी वाचूनही वाचला नव्हता.

सरांना जाऊन सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. रिपोर्टच्या खाली त्यांनी शेरा टाकला : नमुना सकाळच्या डोसनंतर साडेतीन तासांनी घेतलेला, बारा तासांच्या पट्टीशी तुलना करू नये, पुन्हा तपासावे. मग स्वतः डॉक्टरांना फोन लावून मला दिला. "चूक तुमची आहे, तुम्हीच बोला."

बोलले. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या, गोळीची वेळ आणि रक्ताची वेळ. "पाचला मी पेशंट बघतो," म्हणाले. "लक्षणं काही नसतील तर रात्रीचा डोस नेहमीसारखा, उद्या बारा तासांनी पुन्हा रक्त. शनिवार-रविवार मी बसत नाही. उद्याच काय ते."

संध्याकाळी साडेपाचला दोघी पुन्हा लॅबवर आल्या. डॉक्टरांनी चालून दाखवायला लावलं होतं, हात पुढे धरायला लावले होते. सगळं ठीक होतं. सासूचा मात्र चेहरा उतरला होता.

"बाई, मी काय म्हणत्ये," तिने मला बाजूला घेतलं. "आज रात्रीच्या दोन न्हाईच दिल्या तर? म्हणजे उद्या आकडा चांगला यील. सर्टिफिकेट हातात पडलं की परत चालू."

दोन वर्षं एकही गोळी न चुकवणारी बाई हे बोलत होती. एका आकड्याने तिला एवढं घाबरवलं होतं, आणि तो आकडा मी छापून दिला होता.

"आकडा कमी येईल," मी म्हणाले. "पण तोही खोटाच. कमी बघून डॉक्टर डोस वाढवतील. मग खरंच जास्त होईल."

"आत्ती, मी घेणार आहे," सून म्हणाली. इतका वेळ ती भिंतीवरचा दरफलक वाचत उभी होती. "मला खरा आकडा हवाय. वर्गात मुलं कॉपी करून पास झाली तर मी त्यांना काय सांगते?"

"तू गप. तुझ्या भल्यासाठीच चाललंय."

"कळतंय. म्हणूनच घेणार."

तिने माझ्याच काउंटरवरचं बॉलपेन उचललं, घरी पोचायला उशीर होणार हे धरलं आणि तळहातावर लिहिलं : रात्री साडेनऊ. त्याखाली : सकाळी साडेनऊ, रक्त. त्याखाली : गोळी नंतर. मला दाखवून विचारलं, "बरोबर?"

"बरोबर. सकाळची गोळी बरोबर आणायची. रक्त दिल्यावर लगेच घ्यायची. चहा-नाश्ता चालेल, पाणी नेहमीसारखं प्या."

"आन् यष्टी चुकली तर?" सासू.

"चुकायला नको, आधीचीच पकडू," सून म्हणाली. "तुम्हाला तशीही पहाटे झोप नसते."

शुक्रवारी त्या नऊलाच हजर होत्या. सुनेने मला तळहात दाखवला, शाई थोडी फिकटली होती. साडेनऊपर्यंत मी तिला बसवून ठेवलं. रांगेतल्या एका माणसाने विचारलं की या बाई आधी आल्या, मग माझा नंबर आधी कसा. सासूने त्याला सांगितलं, "पावणं, तुम्ही जावा की पुढं. आमचं घड्याळावर हाय." आणि मग शेजारच्या दोघींना बारा तासांचा हिशोब समजावायला बसली, मी सांगितला होता त्यापेक्षा सोपा करून.

साडेनऊला रक्त काढलं. लाल झाकण. फॉर्मवर मी दोन्ही वेळा लिहिल्या : शेवटची गोळी, रात्री साडेनऊ. रक्त, सकाळी साडेनऊ. कापूस दाबून धरायला लावला, तोवर सासूने पर्समधून रुमालाची गाठ काढली आणि त्यातली गोळी सुनेच्या हातावर ठेवली.

"आत्ता देऊ का?" तिने मला विचारलं. पहिल्यांदाच विचारत होती.

"आता द्या."

दुपारी आकडा आला : पॉइंट शहात्तर. सरांनी सही केली आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच कळवा." मी फोन केला तेव्हा सुनेने उचलला. आकडा तिने मला दोनदा सांगायला लावला. मग म्हणाली, "म्हणजे डोस तोच?"

"ते डॉक्टर ठरवतील. पण आकडा पट्टीत आहे."

डोस तोच राहिला. सर्टिफिकेट संध्याकाळी मिळालं.

आता आमच्या फॉर्मवर एक नवीन ओळ आहे, मीच घालायला लावली. 'शेवटची गोळी – सकाळची, दुपारची, रात्रीची, कुठलीही – किती वाजता?' फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांची पातळी तपासायला येणाऱ्यांनाही तीच ओळ लागते. त्यांचंही रक्त बहुतेक वेळा सकाळच्या गोळीच्या आधी घ्यायचं असतं. रांग थोडी हळू सरकते. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

तीन महिन्यांनी ती पुन्हा आली, एकटी. गळ्यात शाळेचं ओळखपत्र होतं, हाफ डे टाकून आली होती. मी तोंड उघडायच्या आत तिने सांगितलं, "काल रात्री नऊ वीस. सकाळची घेतलेली नाही, पर्समध्ये आहे."

"आत्ती आल्या नाहीत?"

"त्यांना वेळ कुठाय. गल्लीतल्या दोघींच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतात आता." ती बाही वर करत म्हणाली. "आणि एक पातेलं परत आलं."

मी घड्याळ बघितलं. नऊ अठरा. तिला दोन मिनिटं बसवलं.