दुर्गाबाई आणि थुंकीची काच

बडनेऱ्याच्या त्या लहानशा डेअरीत दुर्गाबाईंचा दरारा होता तो स्वच्छतेपायी. दुधाच्या टाकीजवळ येणाऱ्याने आधी हात धुवायचे, मग बोलायचे. त्यांचे स्वतःचे हात दिवसभर ओलेच असत.

दिवाळीनंतर मालक शेषरावांनी दूध थंड करायच्या टाकीवरचा बटणांचा जुना, जोर देऊन दाबायचा पडदा काढून नवी चकचकीत काच बसवली. "मोबाइलसारखी आये, दुर्गाबाई. नुसतं बोट टेकवा."

थंडी वाढली आणि काच हट्टाला पेटली. भेगाळलेली, कोरडी बोटं तिला कळेनात. प्रणालीने, टाकीवरच्या दुसऱ्या बाईने, बोट जिभेला लावलं आणि बटण दाबलं. चाललं. दोन दिवसांत सगळ्याच बाया बोट चाटू लागल्या. काचेवर थुंकीचे डाग वाळत. दुर्गाबाई ते पुसत आणि ओरडत.

"दुधाजवळ थुंकता? लाज नाही वाटत?"

"मंग काय करू, आत्याबाई? चालतच नाही ना थे," प्रणाली म्हणाली.

दुर्गाबाईंनी जीभ लावली नाही. एका पहाटे नुकतेच धुतलेले हात त्यांनी तसेच काचेवर नेले. 'थंड करा'वर बोट टेकलं आणि मनगटावरून आलेला ओघळ काचेवरून थेट 'निचरा'पर्यंत उतरला. काचेने तोही स्पर्शच धरला. खालची झडप उघडली आणि सकाळचं सगळं दूध गटारात गेलं. दुपारपर्यंत त्याचा आंबट, कुबट वास अंगणभर बसला.

"आता तुमच्याच्यानं होत नाही," शेषराव म्हणाले. "उद्यापासून टाकीवर प्रणाली राहीन. तुमी कॅन धुवा."

दुर्गाबाईंनी टाकीवरचं फडकं प्रणालीच्या हातात दिलं. ती टाकी बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली होती.

दुसऱ्या दिवशी काच बसवून गेलेला मेकॅनिक गजेंद्र अकोल्याहून आला. "काच बोटातली वीज ओळखते, कोरड्या बोटातली तिले कमी कळते," तो म्हणाला. "पाणी पसरलं, घाम आला, की बोट कुठं आये थे तिले समजत नाही. ओल्या हातासाठी जुळवलेल्या काचाही येतात, पण पाण्याच्या धारेपुढं त्याहीचा भरवसा नाही. जुन्यात दोन पडदे दाबल्यावर एकमेकाले टेकतात. हात ओला असो का मोजा घातलेला, त्याले फरक नाही. दिसायले मळकट, बस."

"माई काच बरोबर आये," शेषराव म्हणाले, आणि दाखवायला पुढे झाले. तंबाखू मळून नुकताच दाढेखाली ठेवला होता. बोट टेकवलं, काच दाद देईना. मग सवयीनेच त्यांनी ते जिभेवर फिरवलं आणि काचेवर टेकवलं. तपकिरी ठिपका खालच्या 'निचरा'कडे ओघळू लागला.

दुर्गाबाईंनी नाकाला पदर लावला. "शेषरावभाऊ, ह्या दुधाचा चहा तुमी घरी पिता ना?"

शेषरावांनी ठिपक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. ते बोट धोतराला पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"गजेंद्र," ते हळूच म्हणाले, "जुना पडदा कुठं ठेवलाय?"

संध्याकाळी जुना पडदा परत बसला. दुर्गाबाईंनी तो तीनदा पुसला, हात धुतले आणि ओल्याच अंगठ्याने जोर देऊन बटण दाबलं. टाकी घुमायला लागली. शेषराव जवळ आले, तशी त्यांनी नळाकडे बोट दाखवलं.