तीन हजारांचं विमान

लेक बंगळूरला बाळंत झाली तेव्हा पुण्यातल्या मुलानं माझं संभाजीनगरहून विमानाचं तिकीट काढलं. "आई, तीन हजारात! रेल्वेच्या एसी तिकिटाएवढंच पडून राह्यलं," असं फोनवर सांगितलं. मी आमच्या परतूर गावभर मिरवलं.

आमच्याकडे बाळंतिणीचे डिंकाचे लाडू एकट्या आईच्या सामानाचे होत नाहीत. जाऊबाईंनी खारका दिल्या, शेजारणीनं खोबरं, नणंदेनं घरचं तूप. लाडवांची बॅग दहा किलोची झाली. कपड्यांची वेगळी. पहाटेची रेल्वे चुकली तर विमानही जाईल म्हणून संभाजीनगरच्या विमानतळापर्यंत भाड्याची गाडी केली, तिथंच तिकिटाचे निम्मे पैसे गेले. जाऊ दे, म्हटलं.

विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, हे तिकीट फक्त हातातल्या बॅगेचं आहे. सात किलो. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे." तिनं किलोमागे दर सांगितला. हिशेब तिकिटाच्या पुढे गेला. आधी घरून भरले असते तर कमी पडले असते, हेही तिनंच सांगितलं.

मी मुलाला फोन लावला.

"मला माहीत होतं गं," तो म्हणाला. "सामानवालं तिकीट महाग होतं. लाडू तिकडं ऑनलाइन मिळतात. सांगितलं असतं तर तू तिकीट काढू दिलं असतंस का?"

"मंग मला अडाणी समजून नेऊन राह्यला का तू?" मी तिथंच ओरडले. लोक बघायला लागले. बघू देत.

मी पैसे भरले. बाळाच्या चांदीच्या वाळ्यांसाठी ठेवलेले होते ते. गुडघा वाकत नाही म्हणून कडेची जागा मागितली, तर तिचेही वेगळे. वाटेत खायचे धपाटे मोठ्या बॅगेत, आणि बॅग केव्हाच पट्ट्यावरून आत गेलेली. विमानात गरम पाणी ओतलेला पेलाभर उपमा विकत घेऊन खाल्ला. आमच्या स्टँडवर त्या पैशात चार जण जेवले असते. उतरल्यावर बस कुठली, कुठं उतरायचं काही कळेना. टॅक्सीनं तर कळसच केला. सगळं धरून तीन हजारांचे बारा झाले. हैदराबादला गाडी बदलून रेल्वेनं मजेत गेले असते मी.

तरी लाडू आले होते. दारातच मी डबा उघडला. सगळ्या बायकांची नावं सांगत एक लाडू लेकीपुढे धरला. तिनं तो घेतला नाही. नवऱ्याकडे बघितलं, मग खाली.

"आई, रागावू नको," ती म्हणाली. "दादानं तिकिटाच्या आधी मला विचारलं होतं, सामानाचे पैसे भरू का म्हणून. मीच नको म्हटलं. एवढं तूप मला आता खाववत न्हाई."

मुलावर मी ओरडू शकले होते. ओल्या बाळंतिणीवर कशी ओरडणार? हातातला लाडू मीच खाल्ला, उभ्या उभ्या.