पुढच्या खांबाला थांबतो

कुणाला 'नाही' म्हणणं बिरुदेवला कधी जमलंच नाही. तो नुसतं पुढं ढकलायचा. आईनं लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "दिवाळी झाली की बघू." तीन दिवाळ्या गेल्या, तरी आईचा राग नाही, पोरगं ऐकतंय की, असंच तिला वाटायचं.

सांगोल्याकडच्या मेंढपाळाचं हे पोरगं. चिंचोळीच्या एमआयडीसीत दुपारपाळी करायचं आणि सकाळी मैदानावर पोलीस भरतीची तयारी. सोळाशे मीटर म्हणजे मैदानाला चार फेऱ्या. पूर्ण गुण हवेत तर पाच मिनिटं दहा सेकंदांत. बिरुदेव पहिली फेरी बाण सुटल्यागत मारायचा आणि तिसऱ्या फेरीत कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा, मग उरलेलं कसंबसं रेटायचा.

"पाय दुखतो का? कुठं टोचतं, चमकतं?" शिकवणाऱ्या ऋतुजा मॅडमनी विचारलं.

"न्हाय. छाती पेटती अन् मन म्हणतंय, बास."

"टोचलं, चमकलं तर लगेच थांबायचं. नुसतं मन म्हणत असेल तर त्याच्याशी भांडू नकोस. तिसऱ्या फेरीत ते सगळ्यांनाच म्हणतं. सोळाशेचा विचार सोड, मैदानाच्या कडेला खांब आहेत ना, खांब ते खांब पळ. आणि पहिली फेरी ऐंशी सेकंदांच्या आत मारायची नाही."

भांडायचं नाही म्हटल्यावर बिरुदेवला वाट सापडली.

रविवारी चाचणी झाली. पहिली फेरी बरोबर ऐंशीत. दुसरीही निभावली. तिसरीच्या वळणावर छाती पेटली. मन म्हणालं, थांब. बिरुदेव तोंडानंच बोलला, "थांबू की. त्या खांबाला थांबतो." खांब आला. "हितं नको, ऊन लई हाय. पुढच्या खांबाला." तिथं मॅडम उभ्या होत्या. "त्यांच्यासमोर बरं दिसत न्हाय. त्याच्या पुढच्याला."

त्याच्या मागं, त्याच्यासारखाच भरतीची तयारी करणारा येडू पळत होता. तोही मेटाकुटीला आलेला, पण एकट्यानं थांबायची लाज. पुढचा गडी थांबतो म्हणतोय, हे ऐकून त्याला धीर आला. बिरुदेव थांबला की आपणही थांबायचं. म्हणून त्यानं पाठ सोडली नाही. एकेक खांब मागं पडला, चौथी फेरी लागली, आणि शेवटच्या शंभर मीटरांत पुढं ढकलायला खांबच उरला नाही. बिरुदेव दात आवळून सुटला. येडूही.

"पाच चोवीस," मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. बिरुदेवचे मागच्या चाचणीपेक्षा सव्वीस सेकंद कमी झाले होते. "येडू, पाच सव्वीस. आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं."

येडू मातीत आडवा झाला होता. दम सापडल्यावर तो बिरुदेवकडं बघून म्हणाला, "खोटारड्या. मी थांबायच्या आशेवर पळालो."

"मी बी," बिरुदेव म्हणाला.

मॅडमनी दोघांना चालत राहायला सांगितलं. बिरुदेवला अजून चौदा सेकंद कमी करायचे होते, येडूला सोळा. मंगळवारच्या सरावाला त्यांनी येडूला पुढं पळायला लावलं, 'पुढच्या खांबाला थांबतो' म्हणत, आणि बिरुदेवला मागं, तोंड मिटून.