दारापासून चार पावलं

आमच्या आत्याचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, एकतीस वर्षं चपलांच्या एकाच दुकानात उभे होते. उभे म्हणजे अक्षरशः उभे. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या, पण दुपारी गिऱ्हाईक नसतानाही बूड टेकायची सवय नाही. शिक्षण सातवी. बोलणं त्याहून कमी. दुकानातले त्यांना 'मुनी' म्हणत. विकणाऱ्या माणसाला असलं नाव म्हणजे शिवीच की! पण गिऱ्हाईक मात्र मुनीलाच शोधत यायचं.

त्यांची रीत साधी होती. दारापासून चार पावलं आत, वाटेच्या बाजूला उभं राहायचं. वाटेत नाही. वाट अडवली की माणसाला आत शिरण्याआधीच बाहेर पळावंसं वाटतं, असं ते म्हणत. कुणी आलं की नजरेला नजर द्यायची, "या" म्हणायचं आणि नजर लगेच काढून घ्यायची. हातात एक फडकं, एक जोड. तो पुसत राहायचं. रिकाम्या हातानं उभा असलेला माणूस अंगावर धावून येईल असं वाटतं म्हणे. मग गिऱ्हाईक हवं तेवढं फिरू दे. एखादी चप्पल उचलून ठेवली, तर काही नाही. तीच पुन्हा उचलली किंवा मान वर करून कुणाला तरी शोधायला लागलं, की आतोबा हलायचे. तेही समोरून नाही, बाजूनं. आणि "काय दाखवू?" असं कधीच नाही.

"असं विचारलं की माणूस नको म्हणतो," ते मला एकदा म्हणाले. "आणि एकदा नको म्हटलं की त्याला त्या नकोला धरून राहावं लागतं. आपणच कशाला त्याच्या तोंडात नको घालायचं?"

म्हणून ते चपलेबद्दलच एखादं वाक्य टाकायचे. "ही आठ दिवस वापरली की सैल होते." बस. पुढचं गिऱ्हाईक बोलेल तर बोलेल.

याच रीतीनं त्यांच्याकडे एक बाई यायला लागल्या. शाळेत शिकवायच्या. लहानपणीच्या दुखण्यानं त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन नंबर लहान राहिला होता. पहिल्यांदा आल्या तेव्हा साडी पार जमिनीपर्यंत सोडलेली. फिरल्या, गेल्या. दुसऱ्यांदा आल्या, फिरल्या, गेल्या. आतोबांनी "या" शिवाय शब्द काढला नाही. तिसऱ्यांदा त्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसल्या आणि स्वतःच हळूच म्हणाल्या, "माझे पाय सारखे नाहीत हो."

आतोबा म्हणाले, "बघू." आणि दुकानाकडे पाठ करून असे बसले, की त्यांच्या रुंद पाठीआड बाईंचे पाय कुणाला दिसू नयेत. दोन जोडांतून एक जोड करून दिला. दुकानाच्या मालकांना, थोरल्या शेठना सांगितलं, ते म्हणाले, "दे. उरलेल्यांचं बघू." तेव्हापासून दर वर्षी बाई यायच्या, सरळ बाकावर बसायच्या. आतोबा न विचारता दोन खोकी घेऊन यायचे. दहा वर्षं असं चाललं.

मग थोरले शेठ अंथरुणाला खिळले आणि धाकटे शेठ गल्ल्यावर आले. कुठंतरी तीन दिवस विक्री शिकवणाऱ्या शिबिराला जाऊन आले होते. आल्या आल्या भिंतीवर कॅमेरे आणि मागच्या दारावर एक तक्ता. गिऱ्हाईक आत आलं की दहा सेकंदांत गाठायचं, हसायचं, कुणासाठी हवंय ते विचारायचं, नंबर विचारायचा, बाहेर पडेपर्यंत सोबत राहायचं. जो गाठेल त्याच्या नावापुढं खूण. हातात जोड दिला की आणखी एक.

पोपट नावाचा विक्रेता यात वाघ निघाला. तिशीतला गडी, तोंडात साखर घोळवून बोलायचा. दाराशीच माणसाला धरायचा. त्याच्या नावापुढं खुणांची रांग लागली. किती माणसं त्याच्या हातून सुटून बाहेर पळाली, ते मात्र तक्त्यावर लिहायला जागाच नव्हती.

आतोबांच्या नावापुढं पहिल्या महिन्यात तीन खुणा.

धाकट्या शेठनी त्यांना कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. "बघा मुनी. माणूस अकरा मिनिटं दुकानात आहे आणि तुम्ही फडकं मारताय."

"त्यानं दोन जोड नेले, शेठ."

"नेले असते चार! वडिलांच्या वेळचे आहात म्हणून सांगतोय. अजून एकदा असं दिसलं तर माळ्यावर. खोकी लावा, तिथं कुणाशी बोलावं लागत नाही."

माळ्यावर पत्रा, खाली वाकून चालायचं आणि पगार निम्मा. आतोबांना तेव्हा छप्पन्नावं लागलं होतं. घरी सांगितलं तर आत्या कडाडली, "तोंड दिलंय ना, मग उघडा की! जगाची चाकरी करताय आणि दोन शब्द बोलायला जीभ झिजते होय?"

"झिजत नाही गं."

"मग?"

आतोबांनी ताट पुढं ओढलं. आत्याच्या भाषेत सांगायचं तर, भिंतीशी संसार केला असता तर निदान तिच्यावर गोवऱ्या तरी थापता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला दुकान भरलेलं. धाकटे शेठ स्वतः तक्त्यापाशी, हात बांधून. पोपट दोघांना धरून बसलेला. आणि दारातून बाई आत आल्या. आतोबांना बघून ओळखीचं हसल्या, नेहमीसारख्या बाकाकडे वळल्या.

आतोबांनी शेठकडे बघितलं. शेठनी मनगटावरच्या घड्याळाकडे.

आतोबा फडकं टाकून बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. भर वाटेत. आणि इतक्या वर्षांत जो आवाज कधी काढला नव्हता त्या आवाजात म्हणाले, "नमस्कार मॅडम! आज कुणासाठी बघताय? नंबर किती आपला?"

चार-सहा माना वळल्या. एका लहान पोरीनं तर सरळ खाली, बाईंच्या पायांकडेच बघितलं.

बाईंनी साडी पुढं ओढली. आतोबांकडे अशा बघत राहिल्या, जणू घरच्याच माणसानं अनोळखी असल्यासारखं नाव विचारलं होतं. "नाही, काही नको," म्हणाल्या. "सहज आले होते."

तक्त्यात लिहिलं होतं, सोडायचं नाही. आतोबांनी सोडलं नाही. "बघून तर घ्या मॅडम, नवीन माल आलाय," म्हणत ते दारापर्यंत त्यांच्या मागं गेले. बाई पायरी उतरताना लंगडल्या. गर्दीतही त्यांचं लंगडणं आतोबांना लांबपर्यंत दिसत राहिलं.

मागून धाकट्या शेठनी पाठीवर थाप मारली. "हां! जमतंय की मुनी!" आणि खडूनं खूण केली.

आतोबा माळ्यावर गेले नाहीत. तोंड उघडलं ते उघडलं. महिनाअखेर त्यांच्या खुणा पोपटाच्या खालोखाल होत्या. आत्याला बरं वाटलं. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून यायची थांबली, पण ते काही कॅमेऱ्यात दिसत नाही.

पुढच्या वर्षी बाई आल्याच नाहीत. त्यानंतर एकदा आतोबांना त्या बसच्या थांब्यावर दिसल्या. दोन्ही पायांत एकाच मापाची चप्पल. उजवी पायातून निसटू नये म्हणून घोट्याला नाडीनं बांधलेली, आणि नाडीखाली कातडी सोलवटलेली. आतोबा हाताच्या अंतरावर उभे होते.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा मीही तिथंच होतो. आत्यानं विचारलं, "मग बोललात का काही?"

"नाही," आतोबा म्हणाले. "त्यांनी मान वर केली असती तर बोललो असतो."