चार आकडे, मग श्वास

माझ्या आईला ज्या माणसाने लुबाडलं, त्याचा आवाज मी एकदाच ऐकला. पण त्या एका वेळेला मी त्याची जी जिरवली, ती मला अजून पुरते आहे. वाईट दिवस असला की आठवते आणि बरं वाटतं. सूड घेऊ नये म्हणतात, म्हणोत बापडे. मला हवा होता.

आई दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात टेलिफोन ऑपरेटर होती. आमचं बालपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. पुढे मलाही सरकारी नोकरी लागली आणि क्वार्टर मिळालं तेही तिथेच, त्यामुळे बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. आकडे सांगण्याची तिची एक पद्धत होती. दिल्लीचे फोन नंबर आठ आकडी झाले तेव्हा तिनं ऑफिसातल्या नव्या मुलींना शिकवलं होतं, ‘चार आकडे, मग श्वास, मग चार आकडे. समोरच्याला लिहायला वेळ द्या. एका दमात सांगितलेला नंबर कुणाच्या बापाला लक्षात राहत नाही.’ घरातही तेच. गॅसचा नंबर असो, बँकेच्या खात्याचा असो, आई चार-चारचे तुकडे पाडून, मध्ये थांबून सांगायची, आणि आपण एकदा ऐकलं की काम झालं. पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड आलं तेव्हा त्याच्यावरचे सोळा आकडे चार-चारच्या चार गटांत छापलेले बघून केवढी खूश झाली! ‘बघ, यांनाही कळतं,’ म्हणाली.

याच सवयीवर त्या मेल्याने डाव साधला.

मी ऑफिसात होते. आईला फोन आला, बँकेतून बोलतोय म्हणून. तुमचं कार्ड बंद होणार आहे, फक्त पडताळणी करायची आहे. आई काही भोळी नव्हती. तिनं विचारलं, तुम्ही बँकेचेच कशावरून? तर तो म्हणाला, ‘मॅडम, हम कोई ऐरे-गैरे हैं क्या? आपका नंबर तो हमारे सामने है,’ आणि कार्डावरचे पहिले चार आकडे घडाघडा सांगितले. अगदी बरोबर! मग म्हणाला, ‘अब आगे के चार आप बोलिए, मैं मिलाता हूँ.’ आता याला तर माहीतच आहे, आपण फक्त दुजोरा द्यायचा, असं तिला वाटलं. चार आकडे, श्वास. चार आकडे, श्वास. चार आकडे. मग कार्डाच्या मागचे तीन, मग मोबाइलवर आलेला ओटीपी. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा खात्यात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बँकेच्या त्या प्रकारच्या सगळ्या कार्डांचे सुरुवातीचे आकडे सारखेच असतात. दारावरची पाटीच म्हणा. त्यात कसलं गुपित नाही, आईचं तर मुळीच नाही. चोराने पाटी वाचून दाखवली आणि आईकडून आतलं घर उघडून घेतलं.

पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण खरी आग मला दादाने लावली. दादा गुरुग्रामला राहतो, कुठल्या तरी विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर. तो गाडी घेऊन आला, तोवर बंद करवलेलं ते कार्ड स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलं आणि म्हणाला, ‘आता तुला कार्ड-बिर्ड काही नको. पासबुक-चेकबुक मी नेतो, पेन्शन माझ्या नजरेखाली राहील. तुला काय लागेल ते मागत जा ना, मी आहे.’ वर हसून, ‘यार आई, आयुष्यभर फोनवर काम केलंस आणि फोनवरच फसलीस?’

आईने कार्डाचे तुकडे उचलून खणात ठेवले. मी बोलले, खूप बोलले, पण दादाला माझं बोलणं कधी ऐकू आलंय! तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईने आपल्याच पेन्शनमधून भाजीला पैसे मागायचे. मी माझे देऊ केले की म्हणायची, ‘नको गं, त्याचं बरोबर आहे. माझं डोकं आता चालत नाही.’ हेच मला सोसवेना. तिनं फोन उचलणं सोडलं. वाजला की माझ्याकडे सरकवायची, पोळपाटावर पाल पडावी तसा. नवीन कार्डासाठी अर्ज करू या म्हटलं तर मान हलवायची. पैसे हळूहळू साठतील, पण ही बाई परत आपलं आपण काही करेल की नाही, याची मला धास्ती बसली होती.

हिवाळ्यातली शनिवारची दुपार होती. आम्ही दोघी मागच्या बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत होतो. आईचा फोन वाजला, तिनं तो माझ्याकडे ढकलला. मी स्पीकरवर घेतला. ‘नमस्ते माताजी, रिफंड डिपार्टमेंट से बोल रहा हूँ. आपके जो पैसे कट गए थे, वापस आ रहे हैं.’

आईचा हात शेंगेवरच थांबला. ओठांनीच म्हणाली, ‘तोच.’ हजारो आवाज ऐकलेली बाई ती, तिची चूक होणं शक्य नव्हतं. हावरटपणा बघा, एकदा पोट भरलं नाही म्हणून पुन्हा त्याच ताटावर! आई हाताने खुणावत होती, ठेव गं, ठेव. मी ठेवणार? मी आत जाऊन त्या कापलेल्या कार्डाचे दोन तुकडे खणातून घेऊन आले.

आवाज थोडा म्हातारा करून मी म्हटलं, ‘हाँ बेटा, बहुत अच्छा. नंबर लिखोगे?’

‘जी माताजी, बोलिए.’

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवाला एक मुलगा आहे, त्याच्याकडून मी हे प्रकरण घडल्यावर सगळं समजून घेतलं होतं. कार्डाचा शेवटचा आकडा आधीच्या सगळ्या आकड्यांवरून हिशेब करून ठरवलेला असतो. मधला एकही आकडा बदलला की हिशेब जुळत नाही आणि कॉम्प्युटर तिथल्या तिथे सांगतो, नंबर चुकीचा. म्हणून मी पहिले चार खरे सांगितले, त्याला ओळखीचे वाटावेत म्हणून. पुढे कुठे तरी एकच आकडा बदलला. आणि मुख्य म्हणजे, चार-चारचं नावच घेतलं नाही. आधी पाच आकडे एका दमात, मग दोन, मग ‘ट्रिपल जीरो’, मग ‘नहीं नहीं, डबल’, मग सहा, मग खोकला.

‘माताजी, ये तो पंद्रह ही हुए.’

‘अच्छा? मेरे तो सोलह हैं. फिर से लो.’

पुन्हा. या वेळी तीन-तीनचे गट केले. सोळा आकडे तीन-तीनने कधी संपत नाहीत, शेवटी एकटा एक उरतो आणि माणूस म्हणतो, आणखी दोन राहिलेच. त्याचंही तेच झालं. ‘आगे?’ ‘आगे कुछ नहीं.’ ‘दो और होंगे.’ ‘बिल्कुल नहीं हैं, बेटा.’ मग त्याला सतरा मिळाले. मग एकदाचे सोळा मिळाले, तर तिकडे नंबर चुकीचा आला. मी कळवळून म्हटलं, ‘हाय राम, चश्मा नहीं है ना.’

त्याच्या नाकी नऊ आले. पंधरावीस मिनिटांनी त्याचा आवाज पार बदलला. ‘माताजी, मेरी बात सुनो, चार-चार करके बोलो ना! चार बोलो, रुको. चार बोलो, रुको.’

हे ऐकलं आणि आई हसली. कितीतरी दिवसांनी. तोंडावर पदर धरून आधी, मग खांदे हलायला लागले. आणि मग तिनं मटारचं ताट बाजूला ठेवलं, हात पुसले आणि फोन माझ्याकडून मागून घेतला. मला वाटलं, शिव्या घालणार. घालू दे, म्हटलं.

पण तिनं घसा साफ केला आणि तिचा ऑफिसातला आवाज काढला. तो मी लहानपणी ऐकलेला. गोड, सपाट, आणि समोरचा आपोआप सरळ बसेल असा. ‘नोट कीजिए.’

कार्डाचे तुकडे माझ्या मांडीवर होते. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. चार आकडे. श्वास. चार आकडे. श्वास. चार. श्वास. चार. एकही चुकला नाही. ‘रिपीट कीजिए,’ म्हणाली, आणि त्यानं शाळेतल्या पोरासारखे चार-चार करून परत म्हणून दाखवले. ‘करेक्ट,’ आई म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले.

या वेळी कॉम्प्युटरने नंबर घेतला असणार, कारण तो खुशीत आला. मागचे तीन आकडे मागितले, आईने तेही दिले. मग थोडा वेळ नुसती खटखट. मग म्हणाला, ‘मॅडम, ये कार्ड तो ब्लॉक दिखा रहा है.’

‘दिखाएगा ही,’ आई म्हणाली. ‘आप ही ने तो खाली किया था. उस दिन भी मैंने ऐसे ही बोला था, चार-चार करके. तब आपने थैंक यू भी नहीं कहा.’

पलीकडे त्यानं फोन आपटला. मला एवढा आनंद झाला की मी मटार उधळले. त्याचा नंबर मी तक्रारीत नोंदवला, त्याचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. पण त्याची ती दुपार आम्ही नासवली, त्याच्याच तोंडून त्याला चार-चार म्हणायला लावलं, एवढं मला पुरे होतं.

आईला मात्र पुरलं नाही. सोमवारी सकाळी मी डबा भरत होते तर ही साडी नेसून तयार. म्हणाली, ‘बँकेत जाऊन येते. रिक्षा मी करीन, तू नको.’

नवीन कार्ड टपालाने आलं. कुणाकडून तरी दादाला कळलं आणि रात्री त्याचा फोन आला. मी उचलायला गेले तर आईने हाताने अडवलं आणि स्वतः घेतला. स्पीकर लावला, बहुधा माझ्यासाठीच.

‘आई, हे काय ऐकतोय? बरं, घेतलंस तर घेतलंस. आता नंबर सांग, मी माझ्याकडे लिहून ठेवतो. सेफ राहील.’

‘घे लिहून,’ आई म्हणाली, आणि तिच्या त्या ऑफिसातल्या आवाजात कार्डावरचे शेवटचे चार आकडे सांगितले. मग थांबली.

दादा लिहीत होता. वाट बघत होता. ‘हां, पुढे?’

‘पुढे काही नाही,’ आई म्हणाली. ‘कार्ड माझं आहे हे ओळखायला एवढे बास. बाकीचे बारा कुणालाही सांगायचे नाहीत असं बँकेने बजावलंय.’

‘अगं, मी कुणी ऐरागैरा आहे का?’

‘तोही असंच म्हणाला होता,’ आई म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.