नमुन्यातला माणूस

शेवगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, काय म्हणाल ते छापून देते. श्रद्धांजलीचा नमुना दाखवायचा तर त्यात चेहरा लागतो, आणि खऱ्या गेलेल्या माणसाचा फोटो असा वापरणं मला पटत नाही. म्हणून मी एआयकडून चेहरा तयार करून घेतला. पहिले चार-पाच नटांसारखे गुळगुळीत आले. मग मी सूचना वाढवत गेले: चाळिशीचा, आपल्याकडचा, उन्हात रापलेला, मिशी, टोपी. शेवटचा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला आणि तेवढ्यासाठीच मी तो निवडला. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. आता माझीच मला चीड येते.

मी अगदीच बेफिकीर नव्हते. फोटो टाकून तसाच फोटो शोधतात, तसा तो नेटवर शोधला. मिळतेजुळते पुष्कळ आले, तोच असा कुणी नाही. झालं, म्हटलं, हा माणूस जगात नाही! पण तो शोध नेटवर चढलेल्या फोटोंपुरताच. ज्याचा फोटो तिथे नाही, तो सापडणार कसा?

एका गिऱ्हाइकाला नमुना पाठवला. त्याने तो पसंतीसाठी आपल्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. नावाची जागा कोरी होती, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'नमुना' असं होतं. मोबाईलवर वरचाच भाग दिसला: चेहरा, हार आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली बघायला कुणाला सवड होती?

त्या गावचा एक ट्रक ड्रायव्हर तेव्हा गुजरातकडे गेला होता, फोन बंद. चेहरा अगदी त्याच्यासारखा. घरी माणसं जमली, रडारड झाली. दुपारी त्याचाच फोन आला, तेव्हा खरं कळलं.

चार दिवसांनी तो ड्रायव्हर आणि त्याची बायको दुकानात आले. तो हसण्यावारी नेत होता. "माझं नाक एवढं सरळ न्हाई वो ताई!" ती बसलीसुद्धा नाही. मी माफी मागितली. तिच्यासमोर तो फोटो काढून टाकला, गिऱ्हाइकाला ग्रुपवर टाकायला लावलेला खुलासा दाखवला. यापुढे नमुन्यात हार घातलेली कोरी चौकटच ठेवीन, म्हटलं. कुठे चेहरा लागलाच, तर आधी आसपासच्या गावांतल्या चार जणांना दाखवीन, ओळखीचा निघाला तर टाकून देईन, आणि 'नमुना' हा शब्द चेहऱ्यावरच आडवा छापीन. मी बोलतच सुटले होते. थांबले असते तर रडू आलं असतं.

"ताई, ह्यो खरा न्हाई हे तुमाला ठाऊक हुतं," ती म्हणाली. "मला कुठं ठाऊक हुतं? म्या माज्या हातानं कुकू पुसलं."

नवऱ्याचं हसू गेलं.

"आता रोज यास्नी म्होरं बसवून कुकू लावती," ती म्हणाली. "पर वाकडंच लागतं."